उद्या केळीवरच्या प्रबंधाचं सबमिशन, आज एवढं बघून घे

चहा घे भाऊ, घाई नको, आज नवीन काही लिहायचं नाही, फक्त तपासायचं.

☐ मजकुरातलं प्रत्येक लेखकाचं नाव-साल शेवटच्या संदर्भ यादीत आहे का, आणि यादीतलं मजकुरात आहे का. दोन्हीकडून बघ, प्रिंटवर पेनाने टिक मारत, स्क्रीनवर डोळे फसवतात.

☐ अवतरणं मूळ पानाशी शब्दन्‌शब्द जुळव, पान नंबर टाक. रावेरच्या शेतकऱ्यांच्या मुलाखतीत कोणी अहिराणी बोललं असेल तर ते तसंच ठेव, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे आणि भाषांतर तू केलंय हे लिही. वाक्यातला तुकडा गाळला तर तीन टिंब.

☐ शब्द बदलून लिहिलं तरी संदर्भ लागतोच! युजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण म्हणून तेवढं उचलायची परवानगी नाही ना भो.

☐ जळगाव केळीला जीआय मानांकन 2016 मध्ये मिळालं, हे कुठून घेतलं ते लिहिलंय का?

☐ काकांच्याच मळ्यातला डेटा आहे, ते नातं सरळ सांग. मुलाखतींची संमती, शुद्धलेखन ताईने तपासलं, तेही.

☐ पीडीएफ उघडून बघ, मग जेव.