भु.

अण्णा कॅलेंडरावर लिहितात.
सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे,
कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं.
चौकोन लहान, म्हणून नावं अर्धी.
तुझं ‘भु.’

आधीच्या बारा वर्षांची कॅलेंडरं
कपाटाच्या खालच्या खणात होती.
ती वाशिष्ठीच्या पुरानं नेली.
तेव्हा तिथपर्यंतचं सगळं आठवेल तसं,
आणि मी तर निम्मा वेळ पुण्यात.

नोव्हेंबर २००९.
स्टँडमागच्या रसवंतीत, चिपाडांच्या ढिगात
तू सापडलास, असं ताई म्हणते.
आई म्हणते, आपणहून पिशवीत शिरलास.
पिशवी सुकटीची होती, त्यामुळे आईचं पटतं.
भुरा होतास सहा महिने. पुढे तांबडा झालास,
नाव बदलायचं राहून गेलं.

गुणी नव्हतास.
शेजारच्या काकूंच्या दोन कोंबड्या मारल्यास.
अण्णांनी सहाशे रुपये भरले
आणि चार दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.
(त्याआधी बोलायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं.)
गॅसवाल्याला चावलास, डाव्या पोटरीला.
त्यानंतर सिलिंडर फाटकापाशीच उतरायचा,
अण्णा तो घरंगळत आणायचे
आणि तू पायरीवर बसून बघायचास.
डोक्यावर हात ठेवला की मान काढून घ्यायचास.
शिमग्यात पालखीचा ढोल लांबून ऐकू आला
की मोरीत जाऊन बसायचास, बादलीमागे,
आणि दुसऱ्या दिवशी
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर यायचास.

२२ जुलै २०२१.
पहाटे पाणी पायरीला लागलं,
चहा होईस्तो ओटीवर.
अण्णांनी वर नेलं ते या क्रमानं:
घराचे कागद, आईची औषधं, देव, तू.
तू बारा वर्षांचा, वीस किलोचा,
त्यांना हर्नियाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं.
माझा फोन लागत नव्हता. हे सगळं आईनं मागून सांगितलं.
पोटमाळ्यावर तिघं, एक बिस्किटपुडा,
खाली फ्रीज भिंतीवर आपटत होता.
घरात कधी घाण केली नव्हतीस.
तिथंही केली नाहीस.
आईनं पोतं अंथरलं, ‘कर रे, कोण बघतंय’ म्हणाली.
तू तोंड फिरवून बसलास, दुसऱ्या दिवशी
पाणी उतरेपर्यंत.
मग गुडघाभर चिखलात गेलास
आणि बराच वेळ तंगडी वर करून उभा राहिलास.
आई म्हणते, त्या दोन दिवसांत
ती तेवढी एकदाच हसली.

ऑगस्टात नवीन कॅलेंडर आलं, पाच महिन्यांपुरतं,
त्याच खिळ्यावर.
इथून पुढचं अण्णांच्या अक्षरात आहे.
‘भु. लस.’
‘भु. गोचिडी ३२.’
‘भु. जिना चढला नाही.’
‘भु. रात्री मोरीपाशी धडपडला. दिवा चालू ठेवणे.’
जानेवारी २०२४ मध्ये रोज एक आकडा आहे:
४, ४, ५, ६, ६, ७.
मला वाटलं, कसले तरी पैसे.
आईला विचारलं. म्हणाली, पाण्याची वाटगी.
तू किती पाणी पितोस ते ते मोजत होते.
गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून
किडन्या गेल्याचं सांगितलं, त्याच्या बारा दिवस आधीपासून.

पुढे सलाईन. नऊ दिवस, नऊ बरोबरच्या खुणा.
बाटली खिडकीच्या गजाला टांगायची,
आणि खाली अण्णा पेपर वाचत बसायचे, मोठ्यानं.
ते एरवी मनात वाचतात.

१२ फेब्रुवारीला आईचा फोन आला.
मोहोर यंदा बरा आहे, म्हणाली.
पंपाचा वॉशर गेलाय.
पहाटे भुऱ्या गेला.
तू येऊ नकोस एवढ्यासाठी, रजा फुकट जाईल.

मी पोचलो तोवर दुपार झाली होती.
परसात शेवग्याच्या अलीकडे
अण्णा आणि शेजारचे काका खड्डा काढत होते.
दोन वितींवर फावड्याला राखाडी थर लागला,
चिकट, बारीक, पुराचा.
त्यात कुणाच्या तरी दुकानातली बांगडी निघाली, हिरवी, अख्खी.
अण्णांनी ती पुसून कठड्यावर ठेवली.
त्याखाली आपली जुनी तांबडी माती.
तिथपर्यंत खणलं.
गोणपाट, वर दोन किलो खडे मीठ, मग माती.
पट्टा काढून घ्यायचा का, असं काकांनी विचारलं.
‘असू दे,’ अण्णा म्हणाले. ‘त्याला सवय आहे.’
मग हातपाय धुतले, पंप उघडला,
वॉशर माझ्याकडून आणवला, बसवला.

रात्री मी कॅलेंडर बघितलं.
चौकोनात तिथीच्या छापील अक्षरांना चुकवून
बारीक लिहिलेलं:
‘भु. ४.१०. उद्यापासून दूध १ लि.’

आधी दीड यायचं.