शनिवारच्या स्नेहभोजनाला येता येणार नाही, त्याविषयी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या लग्नाच्या 25 व्या वाढदिवसानिमित्त आपल्या घरी होणाऱ्या स्नेहभोजनाला मी येऊ शकणार नाही. पत्राचा विषय सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पानभर प्रस्तावना करून शेवटी नकार कळवला तर वाचणाऱ्याला तो अधिक लागतो असा माझा अनुभव आहे. आपल्या दोघांनाही या प्रसंगाच्या मनापासून शुभेच्छा. त्या मी प्रत्यक्ष येऊन द्यायला हव्या होत्या, आणि ते होणार नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

बुधवारी आपण स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन निमंत्रण दिलेत. विभागाच्या ग्रुपवर संदेश आधीच आलेला होता, त्यामुळे वेगळे सांगण्याची काही गरज नव्हती, तरीही आपण आलात आणि "तू आली नाहीस तर मला चुकल्यासारखे वाटेल" असे म्हणालात. त्यावर मी "नक्की प्रयत्न करते" असे उत्तर दिले. आपल्याकडे "प्रयत्न करते" याचा अर्थ बहुतेक वेळा "येणार नाही" असाच असतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण त्या क्षणी आसपास चार माणसे बसलेली होती, आपण हसतमुखाने समोर उभ्या होतात, आणि माझ्या तोंडून नाही हा शब्द निघाला नाही. घरी गेल्यावर त्याच गोष्टीची टोचणी लागली, कारण मी प्रयत्न करणार नव्हते आणि ते मला उत्तर देतानाच माहीत होते.

त्याहून अवघड गोष्ट आता सांगते. गेल्या वर्षी आपल्या घरच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी अंगात ताप असल्याचे कळवले होते. मला ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण फोन करून चौकशी केलीत, उशिरा आलीस तरी चालेल म्हणालात, आणि मी "आता बरे आहे" असे सांगून वेळ मारून नेली. त्या फोनवरच्या आपल्या काळजीने मी जितकी ओशाळले तितकी एखाद्या रागावण्यानेही ओशाळले नसते. या वेळीही असेच एखादे कारण शनिवारी दुपारी कळवता आले असते, आणि खरे सांगायचे तर ते माझ्यासाठी या पत्रापेक्षा पुष्कळ सोपे होते. परंतु एकदा खोटे कारण दिले की पुढच्या वेळी त्याहून मोठे द्यावे लागते, आणि ज्यांच्या हाताखाली मी सहा वर्षे काम शिकले त्यांच्याशी असा व्यवहार मला पुढे चालवायचा नाही.

कारण असे आहे. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. दिवसा तिचे बरे चालते. तिला सांभाळणाऱ्या ताई सकाळी नऊला येतात, त्यांच्याशी ती गप्पा मारते, वर्तमानपत्राचे मथळे मोठ्याने वाचते, कधीकधी भाजीही निवडून देते, आणि तिला अशा वेळी पाहणाऱ्याला ती आजारी आहे हे सांगूनही पटत नाही. मात्र दिवस कलायला लागला की तिचा गोंधळ वाढत जातो. या आजारात अनेक रुग्णांच्या बाबतीत असे होते, असे डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच समजावून सांगितले होते, पण ते ऐकणे वेगळे आणि रोज संध्याकाळी पाहणे वेगळे. स्वतःच्या घरात बसून ती "आता मला घरी सोड" म्हणते, पिशवी भरते, तिची आई वाट पाहत असेल असे सांगते. तिची आई जाऊन आता बरीच वर्षे झाली आहेत. सुरुवातीला मी तिला ते सांगत असे, तेव्हा ती प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडत असे. आता सांगत नाही. अंधार पडण्याआधी सगळे दिवे लावते, म्हणजे खोलीत सावल्या राहत नाहीत, तिच्या शेजारी बसून लहानपणीच्या घराविषयी विचारते, आठ वाजता औषध देते, आणि साधारण दहाच्या सुमाराला ती झोपते. ताई सात वाजता जातात. सात ते दहा हा वेळ माझा एकटीचा असतो आणि त्यातून मला बाहेर पडता येत नाही.

अर्धा तास येऊन जा, असे आपण म्हणाल याची मला कल्पना आहे, कारण बुधवारीही आपण गाडी पाठवण्याची तयारी दाखवली होती. तसा प्रयोग मी एकदा करून पाहिला आहे. विभागाच्या वार्षिक जेवणाला मी आले होते, आपल्याला कदाचित आठवेल, आणि पहिली फेरी संपताच निघून गेले होते. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आईजवळ बसल्या होत्या. आई त्यांना वीस वर्षे ओळखते. पण त्या दिवशी तिने त्यांना ओळखले नाही, अनोळखी बाई घरात शिरली आहे असे समजून ती दाराची कडी काढू लागली आणि काकूंनी हात धरला तेव्हा फार घाबरली. मी पोहोचले तोवर दोघीही थरथरत होत्या. ती रात्र आम्ही कुणीच झोपलो नाही, आणि त्यानंतर काकूंना पुन्हा विचारण्याचा धीर मला झालेला नाही, जरी त्यांनी स्वतःहून दोनदा विचारले असले तरी. अडचण अर्ध्या तासाची किंवा अंतराची नसून त्या वेळी मी तिच्या नजरेसमोर नसण्याची आहे.

"आईलाही घेऊन ये" असेही आपण सहज म्हणालात. तिच्या आजाराची काहीही कल्पना नसताना आपण ते म्हणालात, म्हणून तर मला ते अधिक भावले. परंतु नवे घर, अनेक चेहरे, एकाच वेळी चाललेली बोलणी आणि त्यातही संध्याकाळची वेळ हे सगळे तिला झेपणार नाही. शिवाय आपल्या आनंदाच्या दिवशी आपले लक्ष पाहुण्यांवरून निघून आमच्यावर यावे, हे मला योग्य वाटत नाही.

एवढे सविस्तर लिहिण्यामागे सहानुभूती मिळवण्याचा हेतू नाही. माझ्या वारंवार न येण्याचा वेगळा अर्थ निघू शकतो, आणि तो निघाला तर त्यात आपला दोष नसेल, याची मला जाणीव आहे. एखादी व्यक्ती कामात मनापासून साथ देते आणि घरी बोलावले की मात्र दरवेळी टाळते, तेव्हा तिला आपल्याविषयी आपुलकी नाही किंवा ती आपल्याला केवळ साहेब समजते, असेच कोणालाही वाटेल. तसे नाही. आपण बोलावता याचा मला आनंद होतो, आणि म्हणूनच दरवेळी नाही म्हणणे जड जाते.

दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की आईच्या आजाराविषयी विभागात मी कोणालाही सांगितलेले नाही आणि तूर्त सांगायचेही नाही, तेव्हा शनिवारी कुणी माझी चौकशी केली तर घरची अडचण आहे एवढेच सांगावे. लोक वाईट असतात म्हणून नव्हे, पण रोज सकाळी पाच जणांनी "आई कशी आहे" असे विचारले तर कामावर असतानाचा जो थोडा वेळ मला त्या विषयापासून मोकळा मिळतो, तोही राहणार नाही. दुसरी विनंती अशी की या पत्रामुळे माझ्या कामाच्या वाटणीत काही बदल करू नयेत. महिनाअखेरचा ताळमेळ आणि शुक्रवारचा अहवाल मी आजवर वेळेवर देत आले आहे आणि पुढेही देईन. कधी खरोखरच निभावले नाही तर मी स्वतः येऊन स्पष्ट सांगेन, गेल्या वेळेसारखी तापाची सबब काढणार नाही.

शनिवारच्या व्यवस्थेपुरते सांगायचे तर जेवणाऱ्यांच्या संख्येतून माझे नाव कृपया आजच कमी करावे, आणि ऐनवेळी जमेल या आशेने जागा राखून ठेवू नये. आपल्याविषयी मी दोन शब्द बोलावेत अशी आपल्या मुलीची इच्छा असल्याचे आपण सांगितले होते. ते मी लिहून देते. मी कामाला लागले त्या पहिल्या महिन्यात माझ्या चुकीमुळे अख्खा हिशेब पुन्हा करावा लागला होता, आणि आपण रात्री नऊपर्यंत शेजारी बसून, माझे नाव कुठेही न घेता, तो पुरा करवून घेतला होता, त्याविषयी लिहावे असे मनात आहे. तिला किंवा आपल्याला जो योग्य वाटेल त्याने ते वाचावे. वाचताना चुकले तरी चालेल, माझे अक्षर तसेही फारसे चांगले नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझा भाऊ आईजवळ राहायला येतो, तेव्हा सकाळी दहा ते एक मी मोकळी असते. समारंभाची गडबड ओसरल्यावर त्यातल्या एखाद्या रविवारी आपल्याला आणि सरांना सोयीचे असेल तर मी भेटायला येऊ इच्छिते. काही विशेष करण्याची आवश्यकता नाही, चहा पुरेसा आहे, आणि आपण फोटो दाखवावेत. आपल्याला तो दिवस सोयीचा नसेल तर तसे निःसंकोच सांगावे, नकार ऐकून घेण्याची पाळी या वेळी माझी असेल.

या पत्राला लेखी उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. लिहिलेला मजकूर शुक्रवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाकिटात घालून आपल्या टेबलावर ठेवते. सरांना माझा नमस्कार सांगावा.

आपली स्नेहांकित,
मेघना