नर्सिंग फाउंडेशन – १ : पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आराखडा

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीपुढे मंजुरीसाठी ठेवलेला हा आराखडा बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रातील ५० विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या पाच शिक्षकांसाठी आहे. समितीने मान्य केल्यानंतर तो सत्राच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, कारण सत्राअखेर आपल्याला काय करता आले पाहिजे हे ज्याला ठाऊक असते तो विद्यार्थी स्किल लॅबमध्ये वेगळ्या जाणीवेने उभा राहतो.

चौकट आणि तास

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार या विषयाला, प्रथमोपचाराचा भाग धरून, तासिकांचे ६ श्रेयांक म्हणजे १२० तास, स्किल लॅबचे २ श्रेयांक म्हणजे ८० तास आणि वॉर्डातील कामाचे २ श्रेयांक म्हणजे १६० तास आहेत. हे तास आणि घटक आपण बदललेले नाहीत. आपल्या हाती आहे तो क्रम, शिकवण्याची रीत आणि वर्षभराचे अंतर्गत मूल्यमापन. या आराखड्यातील सर्व बदल तेवढ्यापुरतेच आहेत.

परिषदेने पदवीधर परिचारिकेसाठी दहा मूलभूत क्षमता सांगितल्या आहेत: रुग्णकेंद्री शुश्रूषा, व्यावसायिकता, अध्यापन व नेतृत्व, आरोग्य व्यवस्थेचे भान ठेवून काम करणे, आरोग्यविषयक माहिती व तंत्रज्ञान, संवाद, संघकार्य व सहकार्य, सुरक्षितता, गुणवत्ता सुधारणा आणि पुराव्यावर आधारित काम. प्रत्येक घटकासमोर दहाही क्षमतांच्या खुणा करण्याचा मोह आम्ही जाणीवपूर्वक टाळला आहे. नुकतीच बारावी झालेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून पहिल्या वीस आठवड्यांत सुरक्षितता, संवाद, रुग्णकेंद्री शुश्रूषा, व्यावसायिकता आणि संघकार्य या पाच क्षमतांचा पाया पक्का करून घेता आला, तर ते काम पुरेसे मोठे आहे. उरलेल्या पाच क्षमतांचा परिचय होईल. त्यांचे मूल्यमापन पुढील सत्रांत होईल.

अध्ययन निष्पत्ती कशा लिहिल्या आहेत

आतापर्यंतच्या पाठनियोजनात ‘विद्यार्थ्याला जीवनलक्षणांचे महत्त्व समजेल’ अशी वाक्ये होती. समजले की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मूल्यमापन लेखी उत्तरावर येऊन थांबत असे. त्याचा परिणाम गेल्या वर्षी टी.पी.आर. चार्ट तपासताना आम्हा सर्वांना दिसला: एकाच वॉर्डातील निरनिराळ्या आजारांच्या रुग्णांसमोर श्वसनाचा आकडा सलग २० लिहिलेला होता. त्या विद्यार्थ्यांना श्वसनाची व्याख्या येत होती आणि सामान्य मर्यादाही येत होती. पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या छातीकडे पाहत उभे राहण्याची सवय मात्र आम्ही त्यांना लावली नव्हती. हा दोष शिकवणाऱ्यांचा होता आणि हा आराखडा तेथूनच सुरू झाला.

म्हणून येथील प्रत्येक निष्पत्तीत विद्यार्थी काय करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि ते योग्य झाले हे कशावरून ठरेल, या तीन गोष्टी आहेत. पातळी ठरवताना आम्ही जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या चार पायऱ्यांचा आधार घेतला आहे: माहीत असणे, कसे करायचे ते सांगता येणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. या सत्रात जीवनलक्षणे, हातांची स्वच्छता व बेड मेकिंग चौथ्या पायरीपर्यंत, तर प्रथमोपचार तिसऱ्या पायरीपर्यंत न्यायचा आहे.

निष्पत्ती आणि त्यांच्याशी जोडलेल्या क्षमता

पहिली निष्पत्ती सुरक्षिततेची आहे. वॉर्डात कोणीही आठवण करून न देता विद्यार्थी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाचही प्रसंगी हात स्वच्छ करील. हँडरबसाठी २० ते ३० सेकंद आणि साबण-पाण्यासाठी ४० ते ६० सेकंद देईल. आणि जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या डब्यांत न चुकता टाकील. सुई पांढऱ्या डब्याऐवजी अन्यत्र गेली, तर त्या दिवशीचे कौशल्य अपूर्ण धरले जाईल, मग बाकीचे काम कितीही नीटनेटके असो. येथे सवलत दिली तर तिची किंमत सफाई कामगाराच्या बोटाला मोजावी लागते.

दुसरी निष्पत्ती जीवनलक्षणांची असून तिला १५ तासिका आणि स्किल लॅबचे २० तास आहेत. ती सुरक्षितता, रुग्णकेंद्री शुश्रूषा आणि तंत्रज्ञान यांच्याशी जोडली आहे. विद्यार्थी तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब मोजील, नाडी आणि श्वसन प्रत्येकी पूर्ण एक मिनिट मोजील, आणि श्वसन मोजत असल्याचे रुग्णाला जाणवू देणार नाही, कारण ते कळताच श्वासाची लय बदलते. रक्तदाबासाठी दोन जणांना एकाच वेळी ऐकता येईल असा दुहेरी स्टेथोस्कोप वापरावा. शिक्षक व विद्यार्थी यांनी आपापले आकडे आधी कागदावर लिहावेत आणि मगच ताडून पाहावेत. दोन्ही आकड्यांत ४ मि.मी.पेक्षा जास्त फरक नसेल तर मोजणी ग्राह्य धरावी. सलग पाच रुग्णांवर हे जमेपर्यंत लॉगबुकात सही होणार नाही. एवढ्यावर निष्पत्ती पूर्ण होत नाही. असामान्य आकडा दिसल्यावर विद्यार्थ्याने तो पुन्हा मोजला का आणि सिस्टर-इनचार्जना लगेच सांगितला का, हेही पाहिले जाईल. मोजून गप्प बसणे हे न मोजण्याइतकेच घातक आहे.

तिसरी निष्पत्ती संवाद आणि नोंदी यांची आहे आणि तिच्यात आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण दडलेली आहे. बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत, रुग्ण मराठीत बोलतात आणि केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. ‘छातीत भरून आल्यासारखं होतंय’, ‘अंग मोडून आलंय’, ‘पोटात कळ मारतेय’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा घाईने एखादा इंग्रजी शब्द शोधताना त्याच्या सांगण्याचा अर्थ गळून जातो. म्हणून विद्यार्थी रुग्णाचे म्हणणे प्रथम त्याच्याच शब्दांत वहीत टिपील, खुलाशाचा एक प्रश्न विचारील आणि त्यानंतर शिक्षकासमोर त्याची इंग्रजी नोंद लिहील. संवादाच्या ३ आणि नोंदींच्या २ लॅब तासांत हाच सराव होईल. रुग्णाला वयानुसार आजी, काका, ताई असे संबोधायला हरकत नाही. मात्र ओळख पटवताना पूर्ण नाव विचारून मनगटपट्टी पाहिलीच पाहिजे, आणि ‘बेड नंबर सात’ ही हाक कोणीही मारू नये.

चौथ्या निष्पत्तीत आराम, झोप, वेदना, हालचाल व सुरक्षितता हे घटक एकत्र घेतले आहेत, कारण वॉर्डात ते एकाच रुग्णाच्या ठिकाणी एकत्रच भेटतात. विद्यार्थी रुग्णासह आणि रुग्णाविना बेड तयार करील, शून्य ते दहा या मापावर वेदना विचारील, पडण्याचा धोका ओळखून कठडे वर करील आणि सहकाऱ्याच्या मदतीने रुग्णाची कूस बदलील. कूस बदलण्याचे काम दोघांनी मिळूनच करायचे असल्यामुळे संघकार्याचे मूल्यमापन येथेच होईल. त्यासाठी वेगळा गटप्रकल्प देण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

पाचवी निष्पत्ती प्रथमोपचाराची असून तिला २० तासिका व २० लॅब तास आहेत. पुतळ्यावर विद्यार्थी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सें.मी. खोल छातीदाब देईल आणि ३० दाबांमागे २ श्वास हे प्रमाण राखील. आपला परिसर शेतीचा असल्याने सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा या दोन प्रसंगांना जादा सराव ठेवला आहे. सर्पदंशात आवळपट्टी न बांधणे, जखम न कापणे व न चोखणे, दंश झालेला अवयव स्थिर ठेवणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हे विद्यार्थी करून दाखवील आणि गावातल्या माणसाला समजेल अशा मराठीत सांगूनही दाखवील. रुग्णशिक्षण हा घटक यालाच जोडून घेतला आहे.

आरोग्य व आजार, आरोग्यसेवा व्यवस्था, रुग्ण दाखल करणे व डिस्चार्ज आणि साधनसामग्री या घटकांच्या निष्पत्ती अभ्यासक्रमात आहेत तशाच ठेवल्या आहेत. परिचर्येचा इतिहास आणि व्यवसाय या घटकाचे १२ तास सलग न घेता सत्रभर विभागावेत. १८५४ सालच्या स्कुटारीच्या रुग्णालयाची हकिगत संसर्गनियंत्रणाच्या आठवड्यात सांगितली तर तिचा अर्थ लागतो, आणि १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा गणवेश प्रथमच अंगावर चढतो त्या आठवड्यात घ्यावा.

आठवड्यांची मांडणी

पहिले आठ आठवडे विद्यार्थी वॉर्डात जाणार नाहीत. या काळात आठवड्याला ८ तासिका व ७ लॅब तास असतील, आणि संसर्गनियंत्रण, संवाद, नोंदी व जीवनलक्षणे हे घटक सर्वांत आधी होतील. आठव्या आठवड्याच्या अखेरीस प्रवेशचाचणी घेतली जाईल. हातांची स्वच्छता, ओळख पटवणे आणि जीवनलक्षणे यांत तयार नसलेल्या विद्यार्थ्याला आणखी सराव देऊन तीन दिवसांनी पुन्हा संधी मिळेल. तोपर्यंत तो वॉर्डात जाणार नाही. हा नियम कडक वाटेल, तरीही आम्ही त्यावर ठाम आहोत, कारण शिकण्यासाठी आपला हात पुढे करणाऱ्या रुग्णाचे आपण एवढे देणे लागतो.

नवव्या ते अठराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला चार दिवस, रोज चार तास वॉर्डचे काम असेल. त्यातून १६० तास पूर्ण होतात. दहा-दहा विद्यार्थ्यांच्या पाच तुकड्या पुरुष व स्त्री मेडिकल, पुरुष व स्त्री सर्जिकल आणि ऑर्थोपेडिक या पाच वॉर्डांत प्रत्येकी दोन आठवडे फिरतील आणि प्रत्येक तुकडीसोबत एक शिक्षक पूर्ण वेळ राहील. या काळात आठवड्याला ५ तासिका व २ लॅब तास असतील. एकोणिसाव्या आठवड्यात उरलेल्या ६ तासिका व ४ लॅब तास उजळणीसाठी आहेत, आणि विसावा आठवडा परीक्षेचा आहे.

मूल्यमापन

कौशल्यांची परीक्षा ऑस्की पद्धतीने, प्रत्येकी पाच मिनिटांच्या आठ स्थानकांवर होईल. त्यांपैकी दोन स्थानकांवर पुतळ्याऐवजी रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती असेल आणि विद्यार्थ्याने परवानगी विचारली का, पडदा ओढला का, काय करणार ते सांगितले का, याविषयी तिचेही मत तपासणी यादीत नोंदवले जाईल. लेखी चाचणीत व्याख्यांपेक्षा प्रसंगावर आधारित प्रश्न अधिक असावेत. उदाहरणार्थ, शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी नाडी ८४ वरून ११८ वर गेलेल्या रुग्णाजवळ विद्यार्थी आधी काय पाहील आणि कोणाला काय सांगेल.

लॉगबुकात संख्येबरोबर तारीख, वॉर्ड आणि शिक्षकाचा एका वाक्याचा अभिप्राय हवा. सत्राअखेरीस एकत्रित सह्या करण्याची प्रथा या सत्रापासून बंद करावी.

समितीकडे मागणी

या आराखड्यासाठी पाच दुहेरी स्टेथोस्कोप, छातीदाबाचा वेग व खोली दाखवणारे दोन पुतळे आणि प्रत्येक वॉर्डातील एका अनुभवी सिस्टरसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण हवे आहे. शेवटची मागणी सर्वांत निकडीची आहे: विद्यार्थ्याला लॅबमध्ये एक रीत आणि वॉर्डात दुसरी रीत दिसली, तर तो वॉर्डातलीच उचलतो, म्हणून हे प्रशिक्षण नववा आठवडा सुरू होण्यापूर्वी झाले पाहिजे. दहाव्या आणि अठराव्या आठवड्यात पाचही शिक्षक प्रत्येकी दहा टी.पी.आर. चार्ट तपासतील आणि श्वसनाच्या आकड्यांची पाहणी समितीपुढे ठेवतील.