कंत्राटी नेमणूक कायम करण्याचा निर्णय कसा होतो, याबाबत पाठपुरावा

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय नियुक्ती समन्वयक,
कंत्राटी नेमणुका विभाग

विषय : लेखा सहायक पदावरील कंत्राटी नेमणूक कंपनीच्या पेरोलवर घेण्याच्या निर्णयाची पद्धत, निकष आणि वेळापत्रक कळवण्याबाबत.

संदर्भ : १) माझे १ जुलै २०२४ चे नेमणूकपत्र. २) १६ डिसेंबर २०२४ चे मुदतवाढीचे पत्र. ३) आपले २० जानेवारी २०२५ चे दूरध्वनीवरील बोलणे आणि त्यानंतर २२ जानेवारीला मी पाठवलेला ईमेल.

महोदया,

सप्रेम नमस्कार.

२० जानेवारीला आपण वेळ काढून माझ्याशी बोललात आणि आपल्या एजन्सीमार्फत मी जिथे काम करते त्या क्लायंट कंपनीचा माझ्या कामाबद्दलचा अभिप्राय चांगला असल्याचे सांगितलेत, याबद्दल मनापासून आभार. नेमणूक कायम होण्याबद्दल मी विचारले तेव्हा ‘विषय सकारात्मक आहे, थोडी वाट पाहा’ असे आपण म्हणालात. त्या शब्दांवर माझा अविश्वास मुळीच नाही. मात्र माझ्या कंत्राटाची वाढीव मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपत असल्याने, हा निर्णय नेमका कोण, कशाच्या आधारे आणि केव्हा घेणार आहे हे समजून घेणे मला आता आवश्यक झाले आहे. २२ जानेवारीच्या ईमेलला अद्याप उत्तर आलेले नाही. त्यातील प्रश्न थोडक्यात आणि काहीसे मोघम होते, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मला कायम करण्याचे आश्वासन आपण आज द्यावे, अशी या पत्रामागे अपेक्षा नाही. असे आश्वासन देणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, याची मला कल्पना आहे. माझी विनंती निर्णयाची पद्धत कळवण्यापुरती आहे. माझ्या नेमणूकपत्रात ‘कंत्राटाचा कालावधी पूर्ण झाल्यावर कामगिरी आणि कंपनीची गरज यांनुसार कायमस्वरूपी नेमणुकीचा विचार केला जाईल’ असे एकच वाक्य आहे, आणि त्यातील कामगिरी कोण ठरवते, गरज कोण ठरवते व विचार केव्हा होतो, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नाही.

पहिला प्रश्न पदासंबंधी आहे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे खरी अडचण बहुधा तिथेच असते. कंत्राटी कर्मचाऱ्याचा खर्च अनेक कंपन्यांमध्ये बाहेरून घेतलेल्या सेवांच्या खर्चात धरला जातो आणि कायम कर्मचाऱ्याचा पगार मंजूर पदांच्या अंदाजपत्रकातून जातो. त्यामुळे विभागप्रमुखाला कंत्राट वाढवणे तुलनेने सोपे जाते, पण तीच व्यक्ती पेरोलवर घ्यायची तर वरून मंजूर झालेले पद हातात असावे लागते. असे असेल तर ‘अभिप्राय चांगला आहे’ आणि ‘पद आहे’ ही दोन स्वतंत्र उत्तरे झाली, आणि आजवर मला त्यांपैकी पहिलेच मिळाले आहे. लेखा विभागात माझ्या कामासाठी कायमस्वरूपी पदाची मागणी नोंदवली गेली आहे का, गेली असल्यास ती विभागप्रमुख, वित्त आणि एचआर यांपैकी कोणाच्या मंजुरीसाठी थांबली आहे, आणि नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाशी तिचा संबंध आहे का, हे कृपया कळवावे. पद मंजूर झाल्यावर ते आधी कंपनीतील कर्मचाऱ्यांसाठी जाहीर करावे लागते का आणि मला इतर उमेदवारांप्रमाणे अर्ज करून मुलाखत द्यावी लागेल का, हेही समजल्यास मला तयारी करता येईल.

दुसरा प्रश्न कामगिरीच्या मूल्यमापनाचा. आपल्याकडे दर आठवड्याला माझी जी टाइमशीट मंजूर होऊन येते, तिच्यातून मी किती तास काम केले एवढेच कळते. ते काम कसे झाले हे तिच्यातून कळण्याचा मार्ग नाही. मी रुजू झाले तेव्हा पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ बराच मागे पडलेला होता. ती थकबाकी निकाली काढण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ऑक्टोबरपासून महिनाअखेरीची खाती बंद करण्यापूर्वी पुरवठादारांकडील नोंदी तपासून देण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. नवी लेखाप्रणाली सुरू झाली तेव्हा जुन्या शिलकी नव्या प्रणालीत घेताना आलेले फरक शोधण्याच्या कामातही माझा सहभाग होता. हे सर्व माझ्या रिपोर्टिंग मॅनेजरना माहीत आहे, परंतु ते कुठे लेखी नोंदले गेले आहे का, हे मला माहीत नाही. नेमणूक कायम करण्यापूर्वी कंपनी आपल्याकडे ठरावीक नमुन्यात मूल्यमापन पाठवते का, की मॅनेजरच्या तोंडी शिफारशीवरच ते भागते? लेखी मूल्यमापन होत असेल तर ते मला पाहता येईल का? माझ्या कामात एखादी उणीव दिसली असेल, तर ती मला आत्ताच सांगावी अशी कळकळीची विनंती आहे. मार्चअखेरपर्यंत ती दूर करण्यासाठी वेळ आहे. नंतर कळून उपयोग होणार नाही.

तिसरा प्रश्न आपली संस्था आणि क्लायंट कंपनी यांच्यातील कराराशी निगडित आहे, म्हणून तो जरा जपून विचारते. एजन्सीमार्फत आलेली व्यक्ती कंपनीने कायम केली की कंपनीला एजन्सीला रूपांतरण शुल्क द्यावे लागते, आणि ती व्यक्ती एजन्सीच्या पेरोलवर जितका काळ काम करते तितके ते शुल्क अनेक करारांत कमी होत जाते किंवा ठरावीक काळानंतर माफ होते, ही या क्षेत्रातील प्रचलित पद्धत आहे. हे शुल्क किती, हे मला जाणून घ्यायचे नाही. तो आपली संस्था आणि कंपनी यांच्यातील गोपनीय व्यवहार आहे आणि तो तसाच राहणे योग्य आहे. मला फक्त एवढे समजावे की, करारात असा किमान कालावधी ठरलेला असल्यास तो माझ्या बाबतीत पूर्ण झाला आहे का, आणि नसल्यास तो कोणत्या तारखेला पूर्ण होईल. डिसेंबरमधील मुदतवाढ जुलैपासूनच्या कालावधीला जोडून मोजली जाते की तिथून मोजणी नव्याने सुरू होते, हेही महत्त्वाचे आहे. माझ्याबरोबरच दुसऱ्या एजन्सीमार्फत रुजू झालेले एक सहकारी जानेवारीत कायम झाले. त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे. पण आमच्या दोघांच्या स्थितीतील फरक कामाचा आहे, पदाचा आहे की करारातील कालावधीचा, हे कळल्याशिवाय मी माझ्याबद्दल कोणताही योग्य निष्कर्ष काढू शकत नाही.

याच अनुषंगाने माझ्या नेमणूकपत्रातील एका कलमाकडे आपले लक्ष वेधते. आपल्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय मी क्लायंट कंपनीत थेट नोकरी स्वीकारू नये, असे त्यात म्हटले आहे. मात्र कंत्राट संपल्यानंतर ही अट किती काळ लागू राहते, याचा उल्लेख नाही. ३१ मार्चला माझे कंत्राट संपले आणि पद काही महिन्यांनी मंजूर झाले, तर मला अर्ज करता येईल का, आणि संमती मागायची असल्यास ती कोणाकडे व कशी मागावी, हे कृपया स्पष्ट करावे. या विषयावर माझ्या मॅनेजरशी किंवा कंपनीच्या एचआरशी मी स्वतः बोलणे आपल्याला चालेल का, हेही विचारायचे आहे. आजपर्यंत मी हा विषय त्यांच्याकडे काढलेला नाही, कारण आपल्याला वगळून बोलणे मला योग्य वाटले नाही. परंतु मी काहीच बोलत नाही म्हणून मला या नोकरीत रस नाही, असा समज तिथे झाला तर त्यात माझेच नुकसान आहे. आपली हरकत नसल्यास मला कायम होण्याची मनापासून इच्छा आहे, एवढे तरी मी मॅनेजरना सांगू इच्छिते.

पगार व सेवाशर्ती यांची चर्चा प्रस्ताव आल्यावरच व्हावी हे मला मान्य आहे. तूर्त एवढेच कळावे की ती बोलणी आपण करता की कंपनी थेट माझ्याशी करते, पगार ठरवताना माझा सध्याचा तासाचा दर आधार धरला जातो की त्या पदाची वेतनश्रेणी, कंत्राटी सेवेचा काळ ज्येष्ठतेत व प्रोबेशनमध्ये धरला जातो का, आणि माझ्या शिल्लक रजांचे काय होते.

राहिला प्रश्न निर्णय प्रतिकूल असण्याचा. नेमणूक कायम होणार नसेल तर कंत्राटाला पुन्हा मुदतवाढ मिळेल की ते संपेल, आणि यांपैकी जे होईल ते मला किमान किती दिवस आधी कळवले जाईल? मागील मुदतवाढीचे पत्र मूळ मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना मिळाले. तेवढ्या अवधीत दुसरीकडे प्रयत्न सुरू करणे कोणालाही कठीण आहे. आपल्यापासून लपवण्याचे कारण नाही, म्हणून हेही सांगते की अन्य एका ठिकाणी माझ्या मुलाखतीची पहिली फेरी झाली आहे. मी तिथे कोणताही शब्द दिलेला नाही, आणि निवड करण्याची संधी मिळाली तर मला सध्याच्याच विभागात राहायला आवडेल; तिथले काम मला येते, आणि ताळमेळाची जी घडी आता बसली आहे ती पुढे टिकवण्याची माझी इच्छा आहे. परंतु त्या दुसऱ्या ठिकाणाहून प्रस्ताव आला तर त्यांना उत्तर देताना इकडची स्थिती मला माहीत असायला हवी.

वरील सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे आज असतीलच असे नाही, आणि काही उत्तरे कंपनीकडून मागवावी लागतील. म्हणून २४ फेब्रुवारीपर्यंत जेवढी माहिती उपलब्ध होईल तेवढी कळवावी आणि उरलेली केव्हा मिळेल ती तारीख सांगावी, अशी विनंती करते. त्यातही पदाच्या मंजुरीची स्थिती आणि करारातील किमान कालावधी या दोन गोष्टी प्रथम कळल्या तर माझा मोठा प्रश्न सुटेल. आपण, कंपनीचे एचआर आणि मी अशा तिघांनी अर्धा तास एकत्र बोलणे आपल्याला अधिक सोयीचे वाटत असेल, तर कामाच्या दिवशी दुपारी चारनंतर मी केव्हाही उपलब्ध आहे. मात्र महिनाअखेरीच्या कामामुळे २६ ते २८ फेब्रुवारी हे दिवस टाळावेत. बोलण्यात जे ठरेल ते नंतर ईमेलवर नोंदवून ठेवावे, म्हणजे आपल्याकडे आणि माझ्याकडे एकच नोंद राहील.

नेमणूकपत्र, मुदतवाढीचे पत्र आणि माझ्याकडील जबाबदाऱ्यांची एका पानाची नोंद सोबत जोडली आहे. ही नोंद कंपनीकडे पाठवणे आपल्याला उपयुक्त वाटल्यास माझी संमती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
अनघा
कंत्राटी लेखा सहायक

सोबत : वरीलप्रमाणे तीन कागदपत्रे.