विषय: पीएचडी थांबवतेय, मॅडम (एचओडी सरांचा अर्ज खाली)

नमस्कार मॅडम,
फोन करणार होते, दोनदा नंबर लावून कट केला, म्हणून लिहितेय. मी पीएचडीतून बाहेर पडतेय. पुढच्या महिन्यात आरएसीसमोर प्रेझेंटेशन आहे, तिथे सगळ्यांसमोर कळण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

सहा वर्षांची मुदत असते, अजून वेळ आहे, असं तुम्ही म्हणाल, पण खरं सांगायचं तर वेळ कमी पडला म्हणून सोडत नाहीये. तासिका तत्त्वावर शिकवून, त्यातही मानधन वर्षाअखेरीला, घर चालत नाही, आणि दिवाळीपासून थीसिसची फाइल उघडली की चौथ्या ओळीवर बंद करते. मिरजोळे एमआयडीसीत मच्छी प्रोसेसिंगच्या लॅबमध्ये नोकरी मिळालीय, एक तारखेपासून जायचंय. यात तुमचं काही चुकलं असं कुठेही मनात नाही. भाट्याच्या खाडीत पहिल्यांदा ओहोटीला उतरले तेव्हा चिखलात चप्पल गेली आणि तुम्ही तुमची दिलीत, ते अजून आठवतं. तिसऱ्या काढणाऱ्या काकू तर दर खेपेला विचारायच्या, "काय गो, अजून किती मोजशील?" उत्तर शेवटपर्यंत जमलं नाही :)

आता डेटाचं. 14 महिन्यांचं सॅम्पलिंग पूर्ण आहे, फक्त जुलैचं एक नाही (तेव्हा खाडीला उधाण होतं, नोंद आहे वहीत). लांबी-वजनाच्या सगळ्या एक्सेल शीट हार्डडिस्कवर टाकून सोमवारी आणून देते. सॅम्पल फॉर्मालिनमधून काढून 70% अल्कोहोलमध्ये ठेवलेत, नाहीतर शिंपलं झिजतं, बाटल्यांवर तारीख-स्टेशन पेन्सिलीने लिहिलंय, शाईचं पुसतं. व्हर्नियर कॅलिपर आणि क्वाड्रॅट लॅबच्या कपाटात. हा विषय नवीन कुणी घेतला तर खुशाल वापरा, एक दिवस सोबत खाडीत येऊन स्टेशनं दाखवते. पेपर निघाला आणि माझं काम त्यात धरण्याइतकं वाटलं तर नाव टाका, नाहीतर आभारात चालेल, ते तुम्हीच ठरवा.

एक विनंती, सरांकडे अर्ज तुम्ही हो म्हटल्यावरच देते. सोमवारी दुपारी येऊ का? आणि पुढे कधी रेफरन्स लागला तर विचारेन, तेव्हा नाही म्हणालात तरी चालेल.
तुमची,
स्नेहल

सरांसाठी अर्ज, एकदा नजर टाका:

मा. विभागप्रमुख,
प्राणिशास्त्र विभाग

सर, वैयक्तिक व आर्थिक कारणाने मी पीएचडी पुढे चालू ठेवू शकत नाही, तरी माझं रजिस्ट्रेशन रद्द करावं ही विनंती. मार्गदर्शक मॅडमना कल्पना दिली आहे. लायब्ररीची 3 पुस्तकं आणि लॅबची किल्ली जमा करून नो ड्यूज घेते. कोर्सवर्क पूर्ण झाल्याचं पत्र मिळालं तर बरं होईल. विभागाने दिलेल्या सगळ्या मदतीबद्दल आभारी आहे.
आपली विश्वासू,
स्नेहल