किल्ला उतरताना गुडघे कुरकुरू नयेत म्हणून: २८ मिनिटांचा पायांचा व्यायाम

(व्हिडिओची संहिता. चित्रीकरण साताऱ्यातल्या वर्गाच्या हॉलमध्ये. मधे ताई, त्यांच्या उजवीकडे पूर्ण प्रकार करणारा दादा, डावीकडे सोपा प्रकार करणाऱ्या काकू. काकूंची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. पंखा बंद, आवाज येतो.)

०:०० — समोरून, तिघंही दिसतील असं

नमस्कार मंडळी. पाऊस लागलाय, अजिंक्यताऱ्याची वाट निसरडी झालीय, चार भिंतीला जाणारेही घरात अडकलेत. म्हणून आजचा वर्ग घरातल्या घरात.

चढताना दम लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे तयारी करतात ती दमाची. माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार मात्र उतरण्याची असते. ‘ताई, वर गेले झकास, खाली येताना पाय लटलटले.’ उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार धरून ठेवतो. गाडीला ब्रेक लावल्यासारखं काम आहे ते, आणि त्याचा सराव आपण करतच नाही. हिल मॅरेथॉन धावणाऱ्यांनीही ऐका. तुमच्या २१ किलोमीटरमधला परतीचा सगळा यवतेश्वरचा घाट उताराचाच आहे.

म्हणून आज एकच नियम: खाली जाताना तीन मोजायचे, वर येताना एक.

साहित्य: न हलणारी खुर्ची, जिन्याची खालची पायरी, सतरंजी. मोजे काढा. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, मोज्यांनी पाय सटकतो. पोटभर जेवण झालं असेल तर दोन तास थांबून या. गुडघ्याचं किंवा कमरेचं ऑपरेशन झालेलं असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, की तिथंच थांबायचं. ‘एवढा सेट संपवते’ असं करायचं नाही.

०:५५ — अंग मोकळं करणं

जागेवर चाला. हात हलू देत. एक मिनिट. बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. काकू, तुम्ही तर बोलतच आहात, म्हणजे वेग बरोबर आहे.

आता भिंतीला एक हात. उजवा पाय पुढे-मागे झोका द्या, १० वेळा. कंबर हलू देऊ नका, झोका फक्त खुब्यातून. पाय बदला, १०.

घोटा गोल फिरवा, आत ५, बाहेर ५. दुसरा घोटा. आणि कमरेवर हात ठेवून कंबर गोल, प्रत्येक बाजूला ५. झालं, पुढे.

४:०० — खुर्चीची बैठक, १० चे २ सेट
(कॅमेरा बाजूने)

खुर्चीकडे पाठ. पावलं खांद्याएवढी लांब, चवडे किंचित बाहेर. आधी कंबर मागे न्यायची, मग गुडघे वाकवायचे. खुर्चीला टेकायचं, पण धपकन बसायचं नाही. टेकलं न टेकलं की वर.

तालमीतली बैठक करणारे म्हणतील, आमच्या टाचा तर उचललेल्या असतात. बरोबर, तो प्रकार वेगळा. आज टाचा जमिनीवरच. टाच उचलली जात असेल तर कंबर अजून मागे घ्या.

चला. खाली एक… दोन… तीन… आणि वर. हा एक झाला.
खाली एक… दोन… तीन… वर. दोन.
श्वास खाली जाताना आत, वर येताना बाहेर. बीपीवाल्यांनी श्वास कोंडायचा नाही, कुठल्याच व्यायामात नाही.
तीन. चार. छाती समोर, नजर समोर.
पाच. दादा, घाई करतोयस, तीन मोज. सहा. सात. आठ. शेवटचे दोन. नऊ… दहा. थांबा.

(काकूंवर)
काकूंनी काय केलं बघा. खुर्चीवर दोन उशा ठेवल्यात, म्हणजे खाली कमी जावं लागतं. हात मांड्यांवर ठेवून आधार घेतलाय. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर असंच करा, आणि १० ऐवजी ६. पुढच्या आठवड्यात एक उशी काढा.

‘गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही’ असं पुष्कळ जण सांगतात. थोडा गेला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते गुडघे एकमेकांकडे झुकले की. ते पुढच्या व्यायामात जवळून दाखवते.

४५ सेकंद विश्रांती, दोन घोट पाणी. आता दुसरा सेट, मोजणी तशीच.

८:१५ — पायरी उतरणं, प्रत्येक पायाचे ८, २ सेट
(कॅमेरा जिन्याशी, गुडघ्याच्या उंचीवर)

आजचा मुख्य व्यायाम हाच. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, हा सोडू नका.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, समोर तोंड करून उभे राहा. एका हाताने कठडा धरा. उजवा पाय पायरीवर. डावा पाय पुढे काढा आणि उजवा गुडघा हळूहळू वाकवत डावी टाच खालच्या फरशीला नुसती लावा. भार द्यायचा नाही. फरशीवर अंडं आहे असं समजा. मग उजव्या पायाच्या जोरावर परत वर.

काकू, तुम्ही एक करून दाखवा. कॅमेरा गुडघ्यावर येऊ दे.

(जवळून, काकूंचा उजवा गुडघा)

एक… दोन… इथं थांबा. दिसलं? दोन मोजेपर्यंत गुडघा सरळ होता आणि आता आत वळला, अंगठ्याच्याही आत. पाऊलसुद्धा आतल्या बाजूला कललंय. किल्ला उतरताना पावलोपावली हेच होतं, आणि मग संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळत बसायचं. काकू, आता गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत आणा. अजून थोडा बाहेर. बास. आता कुल्ल्याच्या बाजूला ताण जाणवला ना? तो स्नायूच गुडघ्याला वळणावर ठेवतो.

घरी समोर कुणी नसेल तर मोबाइल पायरीसमोर ठेवून चित्रीकरण करा आणि नंतर बघा. आरशापेक्षा बरं, कारण आरशात बघायला मान वाकते.

पायरी उंच वाटत असेल तर नवशिक्यांनी जेवायच्या पाटावरून करा. पण पाट फरशीवर घसरतो, म्हणून खाली ओलं करून पिळलेलं पोतेरं अंथरा आणि पाट भिंतीला लावा. तेही जड गेलं तर सपाट जमिनीवर भिंत धरून एका पायावर उभे राहा आणि गुडघा जरासा वाकवून सरळ करा, ५ वेळा.

तयार? उजवा पाय पायरीवर.
खाली एक… दोन… तीन… टाच टेकली, वर. एक.
खाली एक… दोन… तीन… वर. दोन.
कंबर एका बाजूला पडू देऊ नका. तीन.
चार. अर्धे झाले.
पाच. मांडीत जळजळ होतेय? ती चालेल. गुडघ्याच्या वाटीत किंवा सांध्याच्या आत सुई टोचल्यासारखं दुखत असेल तर ती चालणार नाही. कमी खाली जा, तरी दुखलं तर आज हा व्यायाम सोडा.
सहा. सात. आठ. पाय बदला.

डावा पाय. एक… बहुतेकांचा एक पाय कच्चा असतो, आता कळेल कुठला. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.

एक मिनिट थांबा. दुसऱ्या सेटला कच्च्या पायाने सुरुवात करा. त्याचे जेवढे नीट झाले, तेवढेच दुसऱ्याचे.

१३:४५ — पूल, १२ चे २ सेट
(कॅमेरा जमिनीलगत)

सतरंजीवर उताणे. गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, टाचा कुल्ल्यांपासून वीतभर लांब. टाचांनी जमीन दाबा आणि कंबर वर. वर एक मोजायचा, थांबून दोन, आणि खाली येताना तीन.

कंबर इतकी वर न्यायची नाही की पाठीची कमान होईल. खांदा ते गुडघा सरळ रेष, बास. पोटरीत किंवा मांडीमागे गोळा आला तर पावलं जवळ ओढा.

वर… थांबा, थांबा… खाली एक, दोन, तीन. असे १२. काकू ८ करतील आणि अर्धंच उचलतील. दादा दुसऱ्या सेटला एक पाय सरळ ठेवून, प्रत्येक बाजूला ६. ३० सेकंद विश्रांती, मग दुसरा सेट.

१७:३० — जोर, ८ चे २ सेट

‘पायांच्या वर्गात जोर कशाला?’ ओल्या वाटेवर तोल गेला की आधी हात टेकतो, म्हणून. आणि जोर सोडून व्यायाम झाला असं आपल्या जिल्ह्यात कुणी मानणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ती माती इथली आहे.

पण तालमीतला, अंग घुसळत पुढे काढायचा जोर आज नाही. साधा जोर. हात खांद्यांच्या खाली, कोपरं अंगापासून थोडीच दूर, पंखासारखी पसरायची नाहीत. डोकं ते टाच एक रेष. खाली तीन, वर एक. पोट लोंबायला लागलं की सेट संपला, मग आकडा कितीही असो.

काकू स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून करतात तसं इथं टेबलावर करतील. तेही जड वाटलं तर भिंतीवर. मनगट दुखत असेल तर मूठ टेकवून.

एक. दोन. तीन. चार. मान खाली टाकू नका. पाच. सहा. सात. आठ. ४५ सेकंद. पुन्हा.

२०:४५ — टाचा उचलणं, १२ चे २ सेट

भिंतीला बोटं लावून उभे. दोन्ही टाचा वर, मग तीन मोजत खाली. भार अंगठ्याकडे, करंगळीकडे नाही, नाहीतर घोटा मुरगळतो. सोपं वाटलं तर वर दोन पायांनी जा आणि खाली एका पायाने या. काकूंचे ८. मोजा तुम्हीच, मी पाणी पिते.

२३:१५ — प्लँक, २० सेकंद, २ वेळा

कोपरं खांद्याखाली, गुडघे उचला. कंबर झोळीसारखी पडायला नको, डोंगरासारखी वरही नको. काकू गुडघे टेकवून, १० सेकंद. श्वास चालू. दहा झाले… पंधरा… वीस. खाली. १५ सेकंदांनी दुसऱ्यांदा.

२४:४५ — ताण सोडणं

भिंत धरा, उजवी टाच मागून हाताने कुल्ल्याकडे ओढा. गुडघे जवळजवळ. ३० सेकंद. पाय हातात येत नसेल तर घोट्यात ओढणी अडकवा आणि ती ओढा. पाय बदला.

एक पाय मागे, टाच जमिनीवर दाबून भिंतीला रेला. पोटरी ताणली पाहिजे. हिसके द्यायचे नाहीत. ३० सेकंद, दुसरा पाय ३०.

खुर्चीवर बसा, एक पाय सरळ पुढे, पाठ ताठ ठेवून कमरेतून वाका. ३० आणि ३०.

उद्या-परवा जिना उतरताना मांड्या बोलतील. हळू खाली येण्याचे व्यायाम नवीन असले की असं दुखतंच, दोन-तीन दिवसांत जातं. थोडं चाला, बसून राहू नका. गुडघा सुजला किंवा लघवीचा रंग चहासारखा गडद झाला, तर मात्र घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरकडे.

हा वर्ग लागोपाठ दोन दिवस करायचा नाही. आठवड्यातून दोनदा, मधे किमान दोन दिवस सोडून. तीन आठवडे पाटावरून नीट जमलं की मग पायरी. पुढच्या व्हिडिओत पाठीवर पिशवी घेऊन हेच करू, तोवर काकूंच्या दोन्ही उशा निघालेल्या असतील.

(काकू: ‘एक राहू दे गं.’ — हे कापायचं नाही. कट.)