तेलाच्या पार्सलची नुकसानभरपाई: मामांचा चॅट आणि त्यावरून केलेला मेल

मामांनी चॅटवर टाकलेलं:

कसले लोक हायत ओ तुमी? तेल पाठवलं आन् पुण्यात नुसतं खोकं पोचलं. शुक्रवारपासून सांगायलाव, तुमचा माणूस म्हनायलाय पॅकिंग बराबर नव्हतं. मग पॅकिंगचे पैसे कायचे घेतले? फोटो टाकलेत, बगा की जरा. पैसे देता का हापिसासमोर येऊन बसू?

मामा, पॅकिंगच्या पैशांचा मुद्दा तुमचाच, तोच सगळ्यात भारी आहे. हापिसासमोर बसायचं मात्र काढलं. चौथा कॅन शाबूत पोचला हेही लिहिलंय; ते लपवलं तर त्यांना तेवढंच निमित्त पुरेल. वाचून तुमच्याच मेलवरून पाठवा.

विषय: डॉकेट क्र. ४०७१८२३६, लातूर ते पुणे: गळलेल्या पार्सलबद्दल ५,८७० रुपयांचा दावा

प्रति,
दावा विभाग

महोदय,

३ जून २०२५ रोजी लातूर शाखेतून लाकडी घाण्याच्या करडई तेलाचे ५ लिटरचे ४ कॅन कोथरूडच्या ग्राहकाला पाठवले. डॉकेटवर मालाचं वर्णन 'खाद्यतेल' आणि किंमत ७,००० रुपये अशी नोंद आहे. ६ जूनला पार्सल पोचलं तेव्हा खोक्याचा कोपरा चेपलेला आणि तळ तेलाने भिजलेला होता. दोन कॅन तळाशी फुटून जवळपास रिकामे झाले होते, तिसऱ्याचं झाकण उचकटून सील तुटलं होतं. चौथा सुस्थितीत आहे. त्याचा दावा नाही.

बुकिंगच्या वेळी तुमच्याच काट्यावर वजन २०.२ किलो भरलं. पार्सल मिळाल्यावर ग्राहकाने न उघडता शेजारच्या किराणा दुकानात तोललं, ते १०.४ किलो भरलं. काट्यावरच्या आकड्याचा फोटो जोडला आहे. म्हणजे जवळपास दहा किलो तेल वाटेतच गेलं.

चॅटवर तुमच्या प्रतिनिधीने पॅकिंग अपुरं होतं असं कळवलं. ते पॅकिंग तुमच्याच शाखेत झालं आहे. काउंटरवर माल पाहून त्यासाठी १५० रुपये घेतले, ते पावतीत वेगळे दाखवले आहेत. त्यामुळे हे कारण आम्हाला मान्य नाही.

मागणी अशी: तीन कॅनचे ५,२५० रुपये (सील तुटलेलं तेल खाण्यासाठी विकता येत नाही) आणि पॅकिंगसह भाडं ६२० रुपये, एकूण ५,८७० रुपये. रक्कम बुकिंग ज्या खात्यातून झालं त्याच खात्यात १५ दिवसांत जमा करावी. नुसतं पुढच्या बुकिंगवर सवलतीचं कूपन चालणार नाही.

फुटके कॅन आणि खोकं ग्राहकाकडे जपून ठेवलं आहे. पाहणी करायची असल्यास २० जूनपर्यंत माणूस पाठवावा.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ.

सोबत: डॉकेट दोन्ही बाजूंनी, पॅकिंगची पावती, विक्री बिल, 'माल गळका' असा शेरा मारून सही केलेली डिलिव्हरी पावती, वजनाचा फोटो, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, ६ जूनपासूनच्या चॅटचे स्क्रीनशॉट.

आपला,
गोविंद
लाकडी तेलघाणा, लातूर
९ जून २०२५